आयजीएम आधी येतो, पण कोणत्या खेपेला?

प्रश्न: "संसर्गात आधी आयजीएम येतो हे पाठ आहे. सराव परीक्षेत डेंग्यूचा रुग्ण दिला होता, तापाचा चौथा दिवस, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी खूप जास्त. मी 'जुना संसर्ग, आताचा नाही' असं लिहिलं. चूक धरलं. का?"

आयजीएम, आयजीजी अशा प्रतिपिंडांच्या पाच वर्गांचा तक्ता तुम्हाला येत असणार, तो सोडतो. तुमचे गुण खाल्ले ते 'आयजीएम म्हणजे नवा, आयजीजी म्हणजे जुना' या ओळीने. ही ओळ एका क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत छापलेली मी पाहिली आहे, आणि माझेही गुण तिनेच खाल्ले होते. चूक कळवली तर 'परीक्षेपुरतं एवढं पुरे' असं उत्तर मिळालं. परीक्षेपुरतंही ते पुरत नाही.

आयजीएम आधी का येतो ते पाहिलं की गुंता सुटतो. बी पेशीत जड साखळीच्या स्थिर भागाची जनुकं ओळीने मांडलेली असतात आणि त्यात आयजीएमच्या म्यू साखळीचं जनुक सर्वांत आधी येतं. त्यामुळे नव्याने जागी झालेली पेशी काहीही न बदलता आयजीएम सोडू शकते. आयजीजीसाठी मधला डीएनए कापून वर्ग बदलावा लागतो, त्याला बहुधा टी पेशींची मदत लागते आणि त्यात दिवस जातात. तोवर आयजीएमची पकड एकेका जागी सैल असली तरी तो पाच एककांचा असल्याने दहा जागी धरतो आणि पूरक प्रथिनांची साखळी उत्तम पेटवतो. घाईच्या वेळी एवढं चालतं.

दुसऱ्या खेपेला मात्र वर्ग बदलून बसलेल्या स्मृतीपेशी तयारच असतात. त्या थेट आयजीजी ओततात, लवकर आणि भरपूर. नव्या बी पेशींचा आयजीएम येतो, पण कमी, आणि कधी चाचणीत दिसण्याइतकाही नाही. म्हणजे 'आधी आयजीएम' हा नियम पहिल्या भेटीचा आहे.

आता तुमचा रुग्ण. डेंग्यूच्या पहिल्या संसर्गात आयजीएम साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास बहुतेकांत दिसू लागतो आणि आयजीजी पहिल्या आठवड्याच्या शेवटी, तोही थोडा. मग चौथ्याच दिवशी आयजीजी एवढा चढलेला असेल, तर तो या पहिल्या भेटीचा असू शकत नाही. शरीराने डेंग्यू किंवा त्याच्या जवळचा विषाणू आधी पाहिला आहे. ताप, प्लेटलेट घसरलेले आणि असा आयजीजी एकत्र दिले असतील, तर अपेक्षित उत्तर 'दुय्यम संसर्गाची शक्यता जास्त' हेच. 'आताचा नाही' हे तुम्ही निव्वळ आयजीएम निगेटिव्हवरून ठरवलंत, तिथे घसरलात. आणि दुय्यम संसर्गातच डेंग्यू गंभीर होण्याचा धोका वाढतो, म्हणून परीक्षक हा सापळा मुद्दाम लावतात.

अर्थात, एकट्या आयजीजीवरून पक्कं म्हणता येत नाही, कारण तो वर्षानुवर्षं टिकतो. पक्कं करायचं तर पहिल्या आठवड्यात विषाणूचं एनएस१ प्रथिन किंवा आरटी-पीसीआर. दुय्यम संसर्गात एनएस१ लवकर ओसरू शकतो, म्हणून तो निगेटिव्ह आला तरी निश्चिंत होऊ नका. नाहीतर १०-१४ दिवसांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकाच वेळी तपासायचे. प्रतिपिंडांचा टायटर १:४० वरून १:१६० झाला, म्हणजे चौपट, तर ताजा संसर्ग. १:४० वरून १:८० धरायचा नाही, कारण विरलन दुपटीच्या पायऱ्यांनी करतात आणि एक पायरी इकडे-तिकडे होणं हा चाचणीचाच दोष असतो.

उलटी चूकही होते. डेंग्यूचा आयजीएम दोन-तीन महिने रेंगाळू शकतो, म्हणजे गणपतीत डेंग्यू झालेल्याला दिवाळीत दुसराच ताप आला तरी तो पॉझिटिव्ह दिसेल. शिवाय संधिवात घटक रक्तात असेल तर काही चाचण्यांत आयजीएम खोटा पॉझिटिव्ह येतो.

याच गोंधळातला आणखी एक ठरलेला प्रश्न नवजात बाळाचा. आयजीजी वार ओलांडतो, म्हणून बाळाचा आयजीजी आईचा असू शकतो. आयजीएम ओलांडत नाही. नाळेच्या रक्तात विशिष्ट आयजीएम सापडला, आणि नमुन्यात आईचं रक्त मिसळलेलं नसेल, तर संसर्ग गर्भातच झाला. आणि 'सर्वांत जास्त कोणता' असं विचारलं तर 'कुठे' हा शब्द शोधा. रक्तद्रवात आयजीजी. रोज शरीरात एकूण तयार होणारा मात्र आयजीए, कारण तो आतड्यासारख्या ओल्या अस्तरांवर सतत खर्ची पडतो.

हे सगळं परीक्षेसाठी. घरच्या कुणाचा रिपोर्ट हातात असेल तर तापाचा दिवस आणि प्लेटलेटचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, इथे फोटो टाकू नका.