रात्री नऊची गोळी सकाळी सातला

"बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. डॉक्टरांनी दिवस राहू नयेत म्हणून डेसोजेस्ट्रेल ७५ ही गोळी दिली आहे, रोज रात्री ९ ला घेते. काल शहाद्याला लग्नाला गेलो, पाकीट चोपड्यालाच राहिलं. आज सकाळी ७ ला घरी येऊन घेतली. जाऊबाई म्हणतात तीन तास उलटले की गोळी वाया. खरं आहे का?"

ताई, जाऊबाईंचं खोटं नाही, पण त्यांचा हिशोब जुन्या गोळीचा आहे. तुमची गोळी वाया गेलेली नाही.

या दोन्ही गोळ्यांत इस्ट्रोजेन नसतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला देतात. जुन्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरेथिस्टेरॉन अगदी थोडं असतं. तिचा मुख्य भरवसा गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावावर: तो घट्ट झाला की शुक्राणू आत जात नाहीत. पण हा घट्टपणा दिवसभरच टिकतो. पुढची गोळी लांबली की स्राव पुन्हा पातळ व्हायला लागतो. बीज बाहेर पडणं ती दर महिन्याला थांबवतेच असं नाही, म्हणून मागे दुसरी भिंत नसते. तीन तासांची मुदत त्यामुळेच. डेसोजेस्ट्रेल स्राव घट्ट करतेच, शिवाय जवळजवळ प्रत्येक पाळीचक्रात बीज बाहेर पडणंच थांबवते. म्हणून तिला १२ तासांची सवड आहे.

आता तुमचं गणित. गोळीची वेळ रात्री ९, म्हणजे आज सकाळी ९ पर्यंत मुदत. तुम्ही ७ ला घेतलीत, १० तास उशीर. आज रात्रीची नेहमीसारखी ९ ला घ्या, बाकी काही करायची गरज नाही. जुनी गोळी असती तर मध्यरात्री १२ लाच मुदत संपली असती.

समजा तुम्ही आज ११ ला पोचला असतात, तर? आठवताक्षणी एक गोळी, रात्री ९ ला पुढची, म्हणजे एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. मात्र पुढचे दोन दिवस कंडोम वापरायचा. चुकलेल्या वेळेनंतर आणि या दोन दिवसांत कंडोमशिवाय संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीसाठी लगेच डॉक्टरांना विचारायचं, वाट बघत बसायचं नाही.

लग्नातली वरण-बट्टी जड झाली आणि गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली, तर ती गोळी घेतलीच नाही असं धरा आणि दुसरी घ्या. घरात कुणाच्या टीबीच्या औषधांशी याचा संबंध नाही, पण तुम्हाला स्वतःला रिफाम्पिसिन सुरू झालं, किंवा फिटची काही औषधं, तर १२ तासांचा हा हिशोब लागू पडत नाही. गोळीचाच असर कमी होतो.

आणि पाकिटातल्या २८ ही गोळ्या औषधाच्याच आहेत. माला-एनमधल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्यांसारखं इथे काही नाही, मधे सुट्टी घ्यायची नाही. दुसरं पाकीट आता पर्समध्ये ठेवा. माझ्याकडे ते चष्म्याच्या डबीत असायचं.