आरतीला उभी असते, पण आत काहीच हलत नाही

"मॅडम, आमच्या सोसायटीत गणपती दणक्यात बसतो. आरतीला ही गर्दी. सगळे टाळ्या वाजवतात, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. मी मात्र मधोमध उभी राहून प्रसाद कधी वाटतील याची वाट बघते. लातूरला माहेरी असं कधीच झालं नाही. माझंच काही बिघडलंय का?"

लग्नानंतर पुण्यात आलेल्या एका तरुणीचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). असं कुणी विचारलं की मी आधी सणाबद्दल बोलतच नाही. झोप, भूक आणि एरवीचे दिवस कसे जातात ते विचारते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर तिथे नैराश्याची शक्यता आधी तपासावी लागते. हिचं तसं नव्हतं. नोकरी व्यवस्थित, मैत्रिणींशी गप्पा, सकाळचं बॅडमिंटन, सगळं सुरू होतं.

मग विचारलं, आरती चालू असताना तुझे हात काय करतात? ती जरा गोंधळली. "फोन धरलेला असतो. माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकते ना." आणि लातूरला? लातूरला गल्लीच्या मंडळात फ्रॉक घालायच्या वयापासून झांज तिच्याकडे असायची. चुलतभाऊ ढोलकीवर. एक काका दर कडव्याला घाईघाईने पुढे पळायचे आणि बाकीचे मुद्दाम आवाज चढवून त्यांना मागे ओढायचे. हे सांगताना तिचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता, तिच्या लक्षातही नव्हतं.

सोसायटीत आरती स्पीकरवर लागते, आणि मला वाटतं, निम्मं उत्तर तिथेच आहे. माणसं एकत्र गातात तेव्हा प्रत्येक जण शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला वेग किंचित कमी-जास्त करत राहतो. एकतानता येते ती या सततच्या जुळवून घेण्यातून. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे शेजारच्याचं ऐकायची गरजच उरत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर ओळखीपाळखीचं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रीके या गावात जूनमध्ये लोक निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. तो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. नुसते उभे राहून बघणारे नातेवाईक आणि मित्र यांच्या ठोक्यांचा चढउतार चालणाऱ्याच्या ठोक्यांशी जुळत होता. बाहेरून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांचा जुळत नव्हता. सोहळा तोच, जागाही तीच. आपल्या या मुलीला तिथल्या गर्दीत नावानिशी ओळखणारी चार माणसंही नव्हती. ती त्या पाहुण्या प्रेक्षकांत मोडत होती.

म्हणून ठरवलं ते इतकंच: गणपती बसायच्या आधी सजावटीच्या कामाला जायचं, फोन घरी ठेवायचा आणि आरतीला झांज मागून घ्यायची.

सजावटीचं जमलं. थर्माकोलऐवजी पुठ्ठा कापत बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि कॉलेजातली दोन मुलं ओळखीची झाली. झांज मात्र पहिल्याच संध्याकाळी फसली. स्पीकरचा वेग तिच्या सवयीपेक्षा जास्त, तिचा ठेका मागे पडू लागला, तशी तिने झांज खाली ठेवली. "आधीपेक्षा जास्त परकं वाटलं," असं ती फोनवर म्हणाली. हे होतं. ताल जुळत नसताना हातात वाद्य असणं नुसतं उभं राहण्यापेक्षा अवघड जातं.

मग तिने सेक्रेटरीकाकांना स्पीकर बंद ठेवायला सांगून पाहिलं. "साउंडचे पैसे भरलेत," एवढंच उत्तर मिळालं. पण सकाळच्या आरतीला माणसंच कमी असतात, तेव्हा ऑपरेटर येत नाही, हे आजींना माहीत होतं. तिने सकाळी जायला सुरुवात केली. आठ-दहा माणसं, बहुतेक निवृत्त. एकदा कडवं सगळ्यांचंच चुकलं, दोघांनी एक ओळ धरली, तिघांनी दुसरी. झांजेचा ठेका तेवढा चालू होता. त्यावर सगळे परत एकत्र आले आणि आजी आरतीतच हसल्या. "मॅडम, अंगावर काटा आला," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आरतीत तिला अजूनही विशेष काही वाटत नाही, आणि त्यावर काम करायची गरज मला दिसत नाही. विसर्जनाला डीजे लागला तेव्हा "आपल्याला नाही बाई झेपत" म्हणत आजी अर्ध्या रस्त्यातून वळल्या, तर हीही त्यांच्याबरोबर घरी आली. पुढची भेट तिनेच रद्द केली. आजींकडे कोजागरीचं दूध आटवायला जायचं होतं म्हणे.