नाव बदलून वाच

अनेक आशीर्वाद.

मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून देणाऱ्या, वर्कशॉपसाठी लिहिलेला तुझा मसुदा काल रात्री वाचला आणि त्याखालची तुझी ओळही वाचली: "दोनदा बदलला, तरी मालक म्हणतात हे आमचं वाटत नाही. आता नक्की काय बदलू?" त्या "नक्की" शब्दानं मला झोप लागू दिली नाही. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारत होते, आणि मला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. "भाषा जरा सोपी कर" असं मला सांगितलं गेलं. तू तेच केलंस. भाषा सोपी झाली, पण मजकूर तसाच राहिला.

तुझा पहिला परिच्छेद इथे उतरवते. "आजच्या वेगवान युगात मोटर हा प्रत्येक उद्योगाचा कणा आहे. आमची अनुभवी टीम अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने दर्जेदार व विश्वासार्ह रिवाइंडिंग सेवा पुरवते. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." हा एआयच्या यंत्राकडून आला हे तू मोकळेपणानं सांगितलंस, ते बरं केलंस. दुसऱ्या खेपेत "अनुभवी"चं "कसलेली" झालं आणि "पुरवते"चं "देते". तिसऱ्या खेपेत वाक्यं तोडून लहान केलीस, "तुमची मोटर, आमची काळजी" अशी ओळ घातलीस. मालकांना तिन्ही मसुदे सारखेच वाटले. त्यांचं बरोबर आहे. तिन्हींमध्ये त्यांच्या वर्कशॉपबद्दल एकही गोष्ट नाही.

आता एक काम कर. मसुद्यात त्यांच्या नावाच्या जागी दुसऱ्या कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याचं नाव घाल आणि मोठ्यानं वाच. सगळं तसंच खरं राहतं ना? मग "मोटर" आणि "रिवाइंडिंग" हे शब्द काढून "लिफ्ट" आणि "देखभाल" घाल. तरीही खरं राहतं. नाव बदललं तरी जे वाक्य खरं राहतं, ते या दुकानाचं वाक्य नाही. ते काढायचं. सुधारत बसायचं नाही, काढायचं. तुझ्या परिच्छेदात असं केलं की काहीच उरत नाही. रिकाम्या कागदाला घाबरू नकोस. मी अशीच घाबरले आणि वर्षानुवर्षं रिकामी वाक्यं घासूनपुसून चकचकीत करत बसले.

माझी चिडचिड झाली ती मात्र दुसऱ्याच कारणानं. मसुद्याच्या तळाशी तू तिथल्या अर्ध्या तासाच्या भेटीची टिपणं जोडली आहेस, आणि शेजारी लिहिलं आहेस: "हे फार तांत्रिक आहे, वापरलं नाही." पोरी, जे वापरायचं होतं ते तेवढंच होतं!

त्या टिपणात आहे: "मोटर उघडल्यावर मालक आधी कुठल्या कॉइल काळ्या पडल्या ते बघतात. म्हणाले, दोन फेज जळल्या आणि तिसरी स्वच्छ असेल तर दोष बहुतेक बाहेरचा असतो. जळलेली कॉइल दोऱ्यानं मोटरला बांधून परत देतात. सोबत काय तपासायचं त्याची चिठ्ठी."

हे कुणालाही घरबसल्या सुचणारं नाही. तीन फेजच्या मोटरचा पुरवठा बाहेर कुठंतरी एका फेजवर तुटतो. फ्यूज उडतो, स्टार्टरचा एक संपर्क झिजतो, एखादा जोड सैल होतो. मोटर उरलेल्या दोन फेजवर चालत राहते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. स्टार जोडणी असेल, म्हणजे तिन्ही फेजच्या वाइंडिंगचं, तारेच्या गुंडाळीचं, एकेक टोक एकत्र जोडलेलं असेल, तर ज्या दोन वाइंडिंगमधून तो प्रवाह जातो त्या जळतात, तिसरी जवळपास नव्यासारखी राहते. म्हणजे कुठल्या वाइंडिंग जळल्या ते बघून कारणाचा अंदाज येतो. ज्याची मोटर कालच बंद पडली आहे त्याला हे वाचायचं आहे, कारण नुसती वाइंडिंग नवी करून मोटर परत जोडली तर ती पुन्हा जळेल. तुझ्या "ग्राहकांचे समाधान" या दोन शब्दांत जे भरलं नव्हतं, ते त्या दोऱ्यानं बांधलेल्या कॉइलमध्ये आहे. कॉइल परत देणारा माणूस ग्राहकाला सांगतो: बघ, हे इथं जळलं, आणि आधी तुझा स्टार्टर तपास.

टिपणातलं वाक्य जसंच्या तसं छापू मात्र नकोस. डेल्टा जोडणीत, म्हणजे तिन्ही वाइंडिंग टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला असतो तिथं, चित्र वेगळं दिसतं, साधारणपणे एकच फेज जळते आणि दोन वाचतात. "दोन फेज जळल्या म्हणजे बाहेरचा दोष" एवढंच छापलंस, तर डेल्टा जोडणीचं काम करणारा वाचक एका ओळीत ओळखेल की लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. मग मालकांची सगळी विश्वासार्हता गेली, तीही खऱ्या माहितीमुळे. खास तपशील जितका टोकदार, तितकी त्याची चूक लवकर दिसते. म्हणून तपशिलाचं प्रत्येक वाक्य मालकांना फोनवर वाचून दाखव आणि एवढंच विचार: "हे कधी खोटं ठरेल?" "बरोबर आहे ना?" असं विचारू नकोस. त्याला सगळेच हो म्हणतात.

आता मी तो परिच्छेद कसा लिहीन ते बघ. "मोटर उघडली की आम्ही आधी जळालेल्या वाइंडिंगकडे बघतो. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेज काळ्या आणि तिसरी स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा एक फेज बाहेरच तुटलेली असते. फ्यूज, स्टार्टर किंवा एखादा सैल जोड. तो दुरुस्त केल्याशिवाय नवी वाइंडिंग टिकणार नाही. म्हणून जळलेली कॉइल आम्ही मोटरला बांधून परत देतो आणि आधी काय तपासायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो." विशेषण शोध. "स्वच्छ", "सैल", "नवी" अशी सापडतील, पण ती सगळी वस्तूंची आहेत, स्वतःच्या कौतुकाचं एकही नाही. "अनुभवी" हा शब्द कुठंच नाही, तरी माणूस अनुभवी आहे हे कळतं.

तुला मोह होईल जुन्याच वाक्यात तपशील खोचायचा: "आमची अनुभवी टीम जळलेल्या कॉइलचे सखोल निरीक्षण करून दर्जेदार सेवा पुरवते." हे अजूनही यंत्राचंच वाक्य आहे. नवं नाम आलं, पण सांगाडा तोच राहिला. तपशिलापासून वाक्य सुरू कर, जुनं वाक्य समोर ठेवूच नकोस. मी जुनं पान पालथं करून लिहिते.

माझ्याकडून जे झालं ते तुला सांगायलाच हवं. एका पंप दुरुस्तीवाल्यासाठी मी पत्रक लिहीत होते. तेव्हा मला "तपशील हवा" एवढंच कळलं होतं. जागेवर गेले नाही, घरी बसून लिहिलं: "प्रत्येक पंप चोवीस तास चालवून तपासला जातो." छान वाटलं, आकडा होता, ठाम होतं. मालकांनीही नीट वाचलं नाही. पुढे एका ग्राहकानं चोवीस तासांच्या तपासणीची नोंद मागितली. ते पंप अर्धा तास चालवून बघत असत, आणि त्या कामाला तेवढं पुरतही होतं. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी असं कधी बोललो नव्हतो." ते वाक्य अजून कानात आहे. यंत्राला "तपशील घाल" सांगितलंस तर ते तुला हेच देईल: खऱ्यासारखा दिसणारा आकडा, जो कुणीही बोललेला नाही. तपशील मागायचा असतो, ऐकायचा असतो. बनवायचा नसतो. मी बनवला होता, म्हणून सांगते.

त्या दिवसानंतर मी एक नियम केला: कामाच्या जागी निदान एक तास उभी राहिल्याशिवाय ओळही लिहायची नाही. त्यापायी कामं गेली. "फोनवर विचारून घ्या ना" म्हणणाऱ्यांना मी नकार देत गेले, आणि पुष्कळांनी मला हट्टी ठरवलं. असेन हट्टी. पण फोनवर मालक काय सांगतात ते तुझ्याच टिपणात आहे. तू विचारलंस "तुमचं वैशिष्ट्य काय?" आणि ते म्हणाले "क्वालिटी आणि वेळेत काम." त्यांचा दोष नाही. प्रश्नच असा होता की त्याला तेच उत्तर येतं. कॉइलची गोष्ट तुला मिळाली ती त्यांनी मोटर उघडली तेव्हा, तू शेजारी उभी होतीस म्हणून. माझ्या नियमाला याहून मोठा पुरावा मला नको.

परत जाशील तेव्हा मोठे प्रश्न टाळ. मागच्या महिन्यात कुठलं काम दुरुस्त होऊन परत आलं, आणि का? कुठली मोटर ते घेतच नाहीत? फोन आला की लोक सगळ्यात आधी काय विचारतात? आणि उत्तर चालू असताना हाताकडे बघ. मोटर आली की पहिला हात कुठं जातो ते तोंडाला सांगता येत नाही.

एक वही मागून बघ. जुनी वाइंडिंग काढताना तारेचे वेढे मोजतात, तारेची जाडी मोजतात, कॉइल कुठून कुठं जाते ते लिहून ठेवतात, कारण ते गेलं तर मोटर पूर्वीसारखी बांधता येत नाही. बऱ्याच वर्कशॉपमध्ये अशी वही असते, म्हणून "आम्ही नोंद ठेवतो" हे वाक्य नाव बदलण्याच्या परीक्षेत नापास होतं. पण या वहीत किती वर्षांमागची पानं आहेत, तीच मोटर दुसऱ्यांदा आली तर ते पान शोधतात का, हे फक्त तिथंच कळेल. शोधत असतील तर ते लिही. ग्राहकाचं नाव, त्याच्या कारखान्यातली अडचण, हे मात्र वहीतून उचलायचं नाही, कितीही रंगतदार असलं तरी.

आणि सगळं भरू नकोस. कुठल्या ब्रँडचं व्हार्निश, भट्टीचं तापमान किती, हे मालकांना प्रिय असेल, पण ज्याची मोटर बंद आहे त्याला त्याचा उपयोग नाही. तीन तपशील पुरतात. बाकी पत्ता, वेळ, मोटर आणताना काय सोबत आणायचं, हे कोरडंच राहू दे. तिथं नाव बदलून वाचायची गरज नाही. पत्ता पत्त्यासारखाच असावा.

मोटर उघडतात त्या वेळी जा, दुपारी नुसता हिशोब चालू असतो तेव्हा नको. वहीचा फोटो काढण्याआधी विचार. आणि नवा मसुदा पाठवशील तेव्हा तुझी टिपणंही पाठव, न गाळता. कुठली ओळ "फार तांत्रिक" म्हणून बाजूला ठेवलीस ते मला आधी बघायचं आहे.