नकारानंतरही मुलगा मागे लागला असेल, तर शाळेने नोंद कशी करावी?

प्रश्न: मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिक विद्यालयात वर्गशिक्षिका आहे. अकरावीतल्या मुलीने संबंध तोडले, तरी बारावीतला मुलगा मेसेज करतो, बसस्टॉपवर थांबतो. प्राचार्य म्हणतात, पोरांचं प्रेमप्रकरण आहे, लिहून ठेवू नका. मी काय करावं?

उत्तर:

बाई, नोंद आजच करा. आधी दोघांचं जमत होतं, हे खरं असेल तर तेही सरळ लिहा. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली की सगळ्या नोंदीवरचा विश्वास उडतो. पण नोंदीचा कणा एकच: तिने नको कधी आणि कसं सांगितलं, आणि त्यानंतर त्याने काय काय केलं. नकाराची तारीख नसली की सगळं दोघांच्या भांडणासारखं वाचलं जातं.

हजेरीपटात किंवा वर्गाच्या वहीत शेरा मारू नका, ती दहा हातांतून जाते. पानांना आधीच क्रमांक घातलेली स्वतंत्र वही घ्या आणि ती प्राचार्यांच्या कपाटात कुलपात ठेवा. नोंद साधारण अशी असावी:

‘मंगळवार, दुपारी 12.40, समुपदेशन कक्ष. विद्यार्थिनीने स्वतःहून सांगितले. तिचे शब्द: “मी त्याला गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी मेसेज करून सांगितलं, आता बोलू नको. तेव्हापासून तो तीन वेगळ्या नंबरांवरून मेसेज करतो. काल कदंब बसमध्ये मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, रिप्लाय दे नाहीतर फोटो सगळ्यांना दाखवतो.” त्या वेळी मैत्रीण सोबत होती. विद्यार्थिनी बोलताना रडत होती.’

खाली तुमची सही, वेळ आणि हे कोणाला कळवलं ते. ‘रडत होती’ हे दिसलेलं आहे, म्हणून चालतं. ‘घाबरट आहे’, ‘तिनेच आधी नादी लावलं’ हे चालत नाही. तिला ‘तू का गेलीस?’ विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढं पुरतं. आणि तिची हकीकत एकदाच ऐका. वर्गशिक्षिका, पर्यवेक्षक, प्राचार्य अशा तिघांपुढे तीनदा सांगायला लावलं की तपशील थोडे बदलतात आणि तेच पुढे तिच्याविरुद्ध दाखवले जातात.

मेसेजचे स्क्रीनशॉट तिने स्वतःच्याच फोनवर घ्यावेत, नंबर आणि तारीख दिसेल असे. मूळ चॅट पुसू देऊ नका. फोटो अश्लील असेल तर तो पाहू नका, तुमच्या फोनवर मागवू नका, स्टाफच्या ग्रुपवर तर मुळीच नको. अठरा वर्षांखालील मुलाचं असं चित्र जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं यात शिक्षकही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. वहीत ‘असा फोटो असल्याचे ती सांगते’ एवढंच लिहा.

आता प्राचार्यांचा मुद्दा. लैंगिक हेतूने अठरा वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणं, ऑनलाइन सतत संपर्क करणं किंवा शरीराच्या फोटोची धमकी देणं हे 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 11 मध्ये येतं. गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असेल तर कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेने चौकशी करून पुरावा जमवायचा, अशी अट नाही. हेतू काय होता हे ठरवणंही शाळेचं काम नाही. संस्थाप्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे प्राचार्यांना तोंडी न सांगता लेखी द्या आणि पोच घ्या. तरीही ते हलले नाहीत तर तुम्ही स्वतः कळवा, ते तुमच्यावरही बंधनकारक आहे. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कायदा संरक्षण देतो. पोलिसांना कळवल्यावर 1098 या बाल हेल्पलाइनवरूनही मुलीसाठी मदत मागता येते. फोटोची धमकी आली की हा नुसता शाळेच्या शिस्तीचा विषय आहे, असं म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त बिघडतं ते दोघांना समोरासमोर बसवून ‘समेट’ करताना. मुलगी त्याच्यासमोर ‘काही नाही सर’ म्हणते, आणि तेवढंच कागदावर उरतं. दोघांशी वेगवेगळं बोला. मुलाला त्याच्या पालकांसमोर लेखी सूचना द्या: मेसेज नाही, मित्रामार्फत निरोप नाही, तिच्या बसस्टॉपवर थांबणं नाही. मित्रांचा उल्लेख राहिला तर पुढचा मेसेज मित्राच्या फोनवरून येतो. बस बदलायची, प्रॅक्टिकलची वेळ बदलायची, तर त्याची बदला, तिची नव्हे. तोही अठराच्या आत असेल तर त्याचंही नाव स्टाफरूममध्ये फिरू नये, आणि घाईने दाखला हातात देऊन काढून टाकू नये. तो बाहेरून तिच्या वाटेवर येतच राहतो आणि शाळेला ते दिसत नाही.

मुलीच्या घरी सांगण्याआधी तिला विचारा, कोणाला आणि कसं सांगायचं. बहुतेक मुली गप्प राहतात त्या फोन काढून घेतील, शाळा बंद करतील या भीतीने. म्हणून पालकांना पहिल्याच भेटीत सांगा की तिचं शिक्षण आणि फोन याला हात लावू नका. चॅट त्यातच आहे.

मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पुढे दर पंधरवड्याला तिला एकटीला विचारा: नवीन नंबर? मित्रांकडून निरोप? स्टेटसवर काही? उत्तर ‘नाही’ असलं तरी तारखेसह लिहा.