दुकान बंद पडलं, कर्ज उरलं. आता नवं काय?

प्रश्न : राजारामपुरीत नाश्त्याचं दुकान वर्षभर चालवून बंद केलं. भाडं १२ हजार, मदतनीस ८ हजार, वीज २ हजार. दिवसाला २५ प्लेट जायच्या, महिन्यात २६ दिवस. जिन्नस आणि गॅस वजा जाता प्लेटमागे २५ रुपये सुटायचे. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला जाणारे काही जण रोज पार्सल न्यायचे. डोक्यावर १ लाख २० हजारांचं कर्ज आहे, हप्ता ४ हजार. आता मोबाइल ॲक्सेसरीज, ऑनलाइन चपला की डबे?

उत्तर : आधी जुना हिशेब बघू या. दुकानाचा ठरलेला खर्च २२ हजार होता. तो नुसता भरून निघायला महिन्याला ८८० प्लेट, म्हणजे रोज ३४ प्लेट जायला हव्या होत्या. २५ प्लेटमध्ये हाती येत होते सव्वासोळा हजार. दर महिन्याला पावणेसहा हजारांचा खड्डा पडत गेला आणि त्यात तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही धरलेला नाही. रोज येणारं गिऱ्हाईक होतं, म्हणजे चवीत खोट नव्हती. धंदा भाड्यानं खाल्ला.

म्हणून मोबाइल ॲक्सेसरीज नकोच. तिथं पुन्हा गाळा आणि डिपॉझिट आलं. चपलेत भाडं नाही, पण एका डिझाइनचे पाच-सहा नंबर ठेवावे लागतात, मापात न बसलेले जोड परत येतात आणि पैसा मालात अडकतो. डोक्यावर हप्ता असताना ते झेपणार नाही.

डब्याचं गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं आहे, म्हणून मी तिकडे झुकतो. मोठ्या कारखान्यांत बहुधा कँटीन असतं, तेव्हा पार्सल नेणाऱ्यांकडूनच कँटीन नसलेल्या छोट्या वर्कशॉपची माहिती काढा. समजा डबा ६० रुपयांना दिला आणि जिन्नस, गॅस धरून ३८ रुपये खर्च आला. ३० डब्यांचे ६६० सुटतात. पेट्रोलचे १०० काढले की ५६०. २६ दिवसांचे साडेचौदा हजार, त्यातून हप्ता जाऊन साडेदहा उरतात. १५ डब्यांवर मात्र सहा हजारच सुटतात. हप्ता भरेल, घर चालणार नाही. आणि स्वयंपाक आई करणार असेल, तर त्यांचा पगारही हिशेबात धरा. घरच्यांचे कष्ट फुकट धरले की तोट्यातला धंदाही फायद्याचा दिसतो.

घरच्या भांड्यांवर, नवं कर्ज न काढता दोन आठवडे करून बघा. पैसे आठवड्याचे आगाऊ घ्या. पगार झाल्यावर देतो म्हणणारे दहा जण झाले, तर किराणा तुमच्या खिशातून भरावा लागेल. कौतुक सगळेच करतील, तुम्ही दुसऱ्या आठवड्याचे आगाऊ पैसे किती जणांनी दिले तेवढंच मोजा. वीसच्या आत असतील तर सध्या नोकरी धरा आणि डबे सकाळपुरते ठेवा.

बँकेचा हप्ता चुकवू नका. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत जमा होतं आणि पुढचं कर्ज अवघड होऊन बसतं. ओढाताण दिसताच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. ‘सेटलमेंट’ करून, म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम भरून कर्ज मिटवायचा मोह होईल, पण तशी नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये राहते. पुढे ३० डबे स्थिर झाले आणि मोठा गॅस, भांडी घ्यायची वेळ आली, की याच बँकेच्या दारात तुम्हाला परत जायचं आहे.