टोळी येणार नाही आणि गाडी ठरलेली आहे : पिकअपची वेळ बदलणारा मेल

प्रश्न : शुक्रवारी सकाळी ११ ला आमच्या भिवंडीच्या गोदामातून कोल्हापूरची गाडी भरायची आहे. टोळीतले सहापैकी चार जण गावच्या जत्रेला गेलेत. ट्रान्सपोर्टरला मेल कसा लिहू?

मेलच्या आधी मुकादमाला फोन करा. नवी वेळ त्याच्या तोंडून पक्की होत नाही तोवर ट्रान्सपोर्टरला काही लिहू नका. एकदा वेळ बदलली तर तो समजून घेतो. दुसऱ्यांदा बदललीत की तुमची गाडी तो दुसऱ्याच्या दारात लावतो आणि त्यात त्याची चूक नसते.

उरलेल्या दोघांकडून भरून घेऊ, असं वाटेल. हिशेब करून बघा. ६४० खोकी भरायला सहा जणांना अडीच तास लागत असतील, तर दोघांना साडेसात तास. दोघं दमणार, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. ११ ला लागलेली गाडी अंधार पडल्यावर सुटेल. बाहेरून चार माणसं आणण्याचा मोहही टाळा. तुमचं गोदाम माथाडी मंडळाकडे नोंदलेलं असेल तर १९६९ च्या माथाडी कायद्याखाली हे काम मंडळाच्या टोळीचं आहे. टोळी परत आली की तो वाद तुमच्याच दारात उभा राहील.

मुकादमाने शनिवारी सकाळचा शब्द दिला असं धरून मेल असा लिहा :

> विषय : पिकअप बदल – भिवंडी ते कोल्हापूर, ३२ फुटी – शुक्र. १० एप्रिल स. ११ ऐवजी शनि. ११ एप्रिल स. ९
>
> नमस्कार,
>
> शुक्रवार, १० एप्रिल, सकाळी ११ ची कोल्हापूरची गाडी कृपया पाठवू नये. त्या दिवशी माल भरणारी टोळी उपलब्ध नाही.
>
> गाडी शनिवार, ११ एप्रिल, सकाळी ९ वाजता गाळा क्र. ७ ला लावावी. टोळी हजर राहील, हे मुकादमाकडून पक्कं केलं आहे. माल तोच आहे, ६४० खोकी; भरायला साधारण अडीच तास लागतील.
>
> ९ जमत नसेल तर त्याच दिवशी दुपारी २ पर्यंतची कोणतीही वेळ चालेल. गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल कळवावा.
>
> ऐनवेळी बदल करावा लागला, त्याबद्दल दिलगीर आहोत.
>
> (नाव, गोदामाचा फोन)

यात ‘उद्या’ हा शब्द कुठेही नाही, ते मुद्दाम. गुरुवारी दुपारी पाठवलेला मेल ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात शुक्रवारी सकाळी उघडला गेला, तर ‘उद्या गाडी पाठवू नका’ याचा अर्थ शनिवारी पाठवू नका असा होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा.

विषयाच्या ओळीत जुनी आणि नवी वेळ शेजारी-शेजारी हवी, कारण गाड्या लावणारा माणूस मोबाईलवर तेवढीच ओळ वाचतो. पहिलं वाक्य ‘पाठवू नये’ हेच असावं. दिलगिरी खाली गेली तरी चालते. पर्यायी वेळ देताना तिला शेवटची मर्यादा ठेवा. २ ला लागलेली गाडी साडेचारला सुटेल, हे मोजूनच २ लिहिलं आहे. तुमची गाडी ठाण्यातून जाणार असेल तर अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीचे त्या वेळचे तास आधी बघून घ्या, नाहीतर भरलेली गाडी नाक्यावर उभी राहील.

प्रश्न : आमचे साहेब म्हणतात ‘तांत्रिक अडचण’ लिहा. माणसं नाहीत असं लिहिलं तर पत जाते.

‘तांत्रिक अडचण’ वाचून ट्रान्सपोर्टर समजतो की दोन तासांत सुटेल, आणि गाडी पाठवून देतो. ‘टोळी उपलब्ध नाही’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. जत्रा, कोण गेलं, कधी कळलं, हे सांगायची गरज नाही.

प्रश्न : कळलं तेव्हा गाडी गेटवर लागली होती. आता मेलचा काय उपयोग?

अशा वेळी आधी फोन : एक ट्रान्सपोर्टरला, एक ड्रायव्हरला. मेल लगेच मागोमाग, पण आता तो नोंदीसाठी. त्यात गाडीचा नंबर, गेटवर लागल्याची वेळ आणि तुम्ही गाडी सोडताय की थांबवताय, हे लिहा. सोडत असाल तर सोडल्याची वेळही. थांबवत असाल तर ‘ठरलेल्या दराने हॉल्टिंग मान्य’ असं स्वतःहून लिहा. ते तसंही द्यावंच लागणार, आणि लिहून दिलंत तर निदान त्याचे तास तुमच्या घड्याळाने मोजले जातात.

हे मी पैसे भरून शिकलो. एकदा आम्ही दुपारी तोंडी सांगून गाडी सोडली. महिनाअखेरीला बिलात दोन दिवसांचं हॉल्टिंग आलं. मेल नव्हता. आमच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाडी बाहेर गेल्याची वेळ सापडली म्हणून एक दिवस वगळला गेला. दुसऱ्या दिवसाचे पैसे मात्र गेले. तेव्हापासून त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो मेलला जोडतो.

प्रश्न : गुरुवारी संध्याकाळी ५ ला ई-वे बिल काढून ठेवलं आणि गाडी शनिवारवर गेली. जुनंच चालेल का?

भाग ब, म्हणजे गाडीचा नंबर, भरलात का ते आधी बघा. फक्त भाग अ भरला असेल तर मुदत सुरूच झालेली नाही. नंबर टाकायला १५ दिवस आहेत, शनिवारी टाका.

नंबर टाकला असेल तर घड्याळ चालू झालं आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. भिवंडी ते कोल्हापूर ४०० च्या आत, म्हणजे दोन दिवस. गुरुवारी नंबर टाकला तर पहिला दिवस शुक्रवारी मध्यरात्री संपतो, दुसरा शनिवारी मध्यरात्री. शनिवारी ९ ला लागलेली गाडी दुपारी १२ च्या सुमारास सुटली तर कोल्हापूर रात्रीपर्यंत गाठेल. पण खंबाटकीला तीन तास अडकली किंवा टायर बसला, तर बिल रस्त्यातच संपेल.

म्हणून रद्द करून शनिवारी नवं काढा. रद्द करायला काढल्यापासून २४ तास असतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत. पिकअप बदलल्याचा मेल पाठवलात की लगेच हे काम हातावेगळं करा. ती वेळ चुकली तर मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढीच खिडकी आहे. फक्त गाडी बदलली असेल तर नंबर बदलता येतो, पण त्याने मुदत वाढत नाही.

प्रश्न : मेलला ‘ओके, नोटेड’ असं उत्तर आलं. तरी गाडी जुन्याच वेळेला दारात! असं कसं होतं?

‘ओके’ ऑफिसातल्या माणसाने लिहिलं. गाडी बहुधा ट्रान्सपोर्टरची स्वतःची नव्हतीच. बाजारातून, दलालामार्फत घेतलेली होती. ऑफिसातून दलालाकडे, दलालाकडून गाडीमालकाकडे, मालकाकडून ड्रायव्हरकडे निरोप जायचा असतो आणि कुठेतरी तो राहतो. वरच्या मेलमध्ये गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल मागितला आहे तो यासाठीच. नंबर देण्यासाठी त्याला ती साखळी शेवटपर्यंत हलवावी लागते. नंबर आला की ड्रायव्हरला स्वतः फोन करून विचारा, ‘दादा, कधी लागणार गाडी?’ तो ‘शनिवारी नऊला’ म्हणाला, तर वेळ बदलली.