डस्टबिनचं झाकण अर्धवट उचलतं, तेव्हा आधी बिजागरी बघा

प्रश्न: पायाने उघडायचा स्टीलचा डस्टबिन आहे. पेडल पूर्ण दाबलं तरी झाकण जेमतेम दोन बोटं उचलतं. हाताने मात्र नीट उघडतं. आतली दांडी वाकलेली दिसते. सरळ केली, पण आठवड्यात परत वाकली. काय करावं?

उत्तर:

दांडी परत वाकली, याचा अर्थ मूळ दोष तिच्यात नाही. तुमची बिजागरी जड झालेली असणार. ती मोकळी केल्याशिवाय कितीही चांगली दांडी बसवलीत तरी तिचं हेच होणार. शेजारच्या काकूंच्या डस्टबिनवर मी स्वतः याच क्रमाने चुकलो होतो, म्हणून तो किस्सा सविस्तर सांगतो.

आधी आत काय चालतं ते बघा. आतली प्लास्टिकची बादली बाहेर काढा आणि पेडल हाताने दाबा. पेडल ही तळाखालून मागपर्यंत जाणारी एक पट्टी असते आणि ती मधे एका पिनेवर सी-सॉसारखी झुलते. पुढचं टोक खाली गेलं की मागचं वर येतं. त्या मागच्या टोकाच्या भोकात उभी दांडी अडकवलेली असते. तिचं वरचं टोक झाकणाच्या कानात असतं आणि हा कान बिजागरीच्या अगदी जवळ असतो. म्हणजे दांडी झाकणाला खालून ढकलते. ओढत नाही, ढकलते. बारीक तार ओढ कितीही सोसते, पण ढकलायला लागली की मधे फुगून वाकते. सगळी गोम इथे आहे.

काकूंचा डस्टबिन सात लिटरचा, गोल. झाकण काढून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं तर २५० ग्रॅम भरलं. व्यास २० सेंमी, म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून १० सेंमीवर. दांडीचा कान मात्र बिजागरीपासून फक्त २ सेंमीवर. त्यामुळे दांडीला झाकणाच्या पाचपट, म्हणजे सव्वा किलोचा जोर लावावा लागतो. हा जोर सगळं मोकळं असतानाचा आहे. बिजागरीत गंज असेल तर तो वरून वाढतो.

‘हाताने नीट उघडतं’ हे फसवं का आहे, तेही यातूनच कळतं. हाताने आपण झाकणाची पुढची कड धरतो, ती बिजागरीपासून २० सेंमीवर असते. दांडी ढकलते २ सेंमीवरून. बिजागरीत जी अडचण आहे ती दांडीला हाताच्या दहापट जाणवते. बोटाला १०० ग्रॅमइतकी लागलेली अडचण दांडीच्या वाट्याला एक किलो होऊन येते.

म्हणून पारख अशी करा. दांडी वरच्या कानातून सोडवून घ्या. झाकण अर्धं उचला आणि सोडून द्या. ते धपकन पडलं पाहिजे. मधेच थांबलं, रेंगाळत खाली आलं किंवा करकरलं, तर बिजागरी जड आहे. दांडी न सोडवता ही पारख करू नका. काही डस्टबिनांत झाकण हळू मिटावं म्हणून खाली पट्टीजवळ एक छोटा डॅम्पर बसवलेला असतो. दांडी जोडलेली असेल तर झाकण त्याच्यामुळे रेंगाळतं आणि दोष बिजागरीवर जातो.

काकूंची दांडी गंजून खालच्या टोकाला तुटली होती. डबा स्टीलचा असला तरी आतली दांडी आणि पट्टी बहुतेक वेळा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाची असते. ओल्या कचऱ्याचं पाणी तळाशी उतरतं आणि तिथून गंज चढतो. मी सायकलवाल्याकडून एक स्पोक आणला, दोन्ही टोकं वळवली आणि बसवून दिला. तीन-चार दिवस छान चालला. मग तुमचंच झालं: झाकण दोन बोटं उचलायचं आणि स्पोक धनुष्यासारखा वाकायचा. सायकलचा स्पोक २ मिमी जाड असतो. २७ सेंमी लांबीला तो साधारण दोन किलोपर्यंतचा दाब सोसतो, त्यापुढे वाकतोच. मोकळ्या झाकणाला सव्वा किलो पुरत होतं. बिजागरीच्या गंजाने वरचं सगळं खाल्लं.

वाकलेल्या दांडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २७ सेंमीच्या दांडीला मधे १ सेंमीचा बाक आला तर डोळ्याला तो मोठा दिसतो, पण दोन टोकांतलं अंतर त्याने फक्त १ मिमी कमी होतं. एवढ्याने झाकण अडत नाही. अडतं ते पुढच्या गोष्टीने. एकदा बाक आला की पुढचा प्रत्येक दाब तो बाकच वाढवतो. बाक २ सेंमीच्या वर गेला की टोकांतलं अंतर चार-पाच मिमी घटतं. काकूंच्या पट्टीचं मागचं टोक १८ मिमी वर यायचं आणि त्यात झाकण सुमारे ६५ अंश उघडायचं. त्यातले ५ मिमी बाकात गेले की ४० अंशांवरच थांबतं, आणि बिजागरी अगदीच जड असेल तर तेवढंही नाही. म्हणूनच हाताने सरळ केलेली दांडी टिकत नाही. वाकलेल्या जागी ती पूर्णपणे सरळ होत नाही, आणि तिथूनच पुन्हा वाकते.

तर काम बिजागरीपासून सुरू करा. झाकण आणि डबा यांच्यामधून जाणारी पिन एका बाजूने सरकते का बघा. एखाद्या टोकाला चपटी डोकी किंवा छोटा लॉक असतो, तो काढला की पिन दुसऱ्या बाजूने खिळ्याने हलकेच ठोकून बाहेर येते. गंजाने धरली असेल तर थोडं रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे सोडून रात्रभर ठेवा. घाईने ठोकलंत तर डब्याच्या पातळ पत्र्याचे कान वाकतात आणि मग झाकण तिरकं बसतं. पिन निघाली की बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, कानांची भोकंही गुंडाळलेल्या पेपरने आतून घासा. पिन मधे खंगून बारीक झाली असेल तर त्याच मापाची नवी घाला. बसवताना शिलाई मशीनचं तेल दोन्ही कानांत एकेक थेंब, पुरे. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते थिजतं आणि बिजागरी पुन्हा जड होते. खायचं दुसरं तेलही काही महिन्यांत चिकट होतं, त्यात धूळ बसते.

बिजागरी बसवली की वरची पारख पुन्हा करा. झाकण धपकन पडलं, की मगच दांडीकडे वळा.

नव्या दांडीसाठी मला सगळ्यात चांगली सापडली ती फॅब्रिकेशनवाल्याकडची टिग वेल्डिंगची स्टेनलेस काडी, ३.२ मिमी जाडीची. ती साधारण मीटरभर लांब आणि सरळ मिळते, गंजत नाही, आणि पक्कडीने वळते. २ मिमीपेक्षा ती दीडपटीहून थोडी जास्त जाड आहे, पण वाकायला विरोध करते सहापटीहून जास्त. जाडीचा इथे इतका फरक पडतो. साध्या वेल्डिंग रॉडवरचा लेप ठोकून काढलेली तारही चालेल असं कुणी सांगेल, पण ती साधं लोखंड आहे आणि तळाच्या ओलीत लवकर गंजते. भोकं बारीक असतील तर ड्रिलने ३.५ मिमीची करून घ्या.

माप जुन्या दांडीवरून घेऊ नका, ती वाकलेली आहे. आधी खालचं टोक काटकोनात वळवा, १ सेंमी एवढं, आणि पट्टीच्या भोकात घाला. झाकण मिटवा, पेडल सोडलेलं असू द्या. आता झाकणाच्या कानातल्या भोकासमोर दांडीवर मार्करने खूण करा आणि काटकोनाचं वळण भोकाच्या मध्याशी येईल असं वरचं टोक वळवा. जास्तीची काडी शेवटी कापा. पहिल्यांदा थोडी लांबच ठेवा, कारण कमी पडली तर नवी काडी घ्यावी लागते.

लांबी बरोबर आहे का, हे पेडलवरून कळतं. झाकण मिटलेलं असताना पेडल दोन-तीन मिमी रिकामं हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर दांडी लांब आहे, झाकण कडेला टेकणार नाही, फटीतून वास आणि चिलटं येतील. बोटभर रिकामं जात असेल तर दांडी आखूड आहे आणि झाकण पूर्ण उघडणार नाही. फरक एक-दोन मिमीचा असेल तर वरचं वळण पुन्हा थोडं पुढेमागे करून जमतं. मधे बाक देऊन लांबी जुळवायचा मोह होईल, तो टाळा. ढकलणाऱ्या दांडीत मुद्दाम दिलेला बाक म्हणजे पुढच्या वाकण्याची जागा.

टोकं भोकातून निसटू नयेत म्हणून जाड वायरचं घट्ट बसणारं प्लास्टिकचं आवरण अर्धा सेंमी कापून टोकावर चढवा. काकूंच्या डस्टबिनला मी हेच केलं.

शेवटी बादली आत ठेवून बघा. दांडी डब्याच्या मागच्या भिंतीलगत सरळ जायला हवी. बादलीला दांडीसाठी मागे खाच असेल तर ती त्याच बाजूला आली पाहिजे. फिरवून ठेवली की बादली दांडीला दाबते, आणि पिशवीची बाहेर दुमडलेली कडही तिथे अडकते.

हे सगळं धातूच्या कानाचं झालं. झाकण प्लास्टिकचं असेल आणि दांडीचा कानच तडकला असेल, तर नुसत्या डिंकावर वेळ घालवू नका. अशी झाकणं बऱ्याचदा पॉलिप्रोपिलीनची असतात (झाकणाच्या आत त्रिकोणात ५ आकडा असतो), त्याला झटपट डिंक धरत नाही. ॲल्युमिनियमची छोटी एल पट्टी दोन बारीक नटबोल्टांनी झाकणाला आतून लावा आणि तिच्यात दांडीचं भोक पाडा. भोक बिजागरीपासून जुन्या कानाएवढ्याच अंतरावर हवं. जवळ घेतलंत तर झाकण जास्त उघडेल पण पेडल जड होईल. लांब घेतलंत तर उलट.

काकूंना गुडघ्यामुळे खाली वाकता येत नाही, पायाने उघडणारा डबा त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. तो आता दोन पावसाळे झाले चालतो आहे. डबा धुतल्यावर त्या तो उलटा करून उन्हात ठेवतात, कारण तळाच्या कडेत अडकलेलं पाणी नाहीतर निघत नाही.